मजकूर बघणारे सर

कुंडलिका नदीच्या अलीकडचा जुना जालना आणि पलीकडचा नवा जालना यांच्यात इतर बाबतींत कितीही फरक असला, तरी दोन्हीकडच्या वसाहतींत ‘मजकूर बघणारे सर’ हा एक सामाजिक प्रकार सारखाच आढळतो. ‘मजकूर बघणे’ म्हणजे पत्रिका छापखान्यात देण्यापूर्वी, किंवा अलीकडच्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर सोडण्यापूर्वी, तिच्यातील वाक्ये जाणत्या माणसाकडून तपासून घेणे. हा जाणता माणूस बहुधा माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा शिक्षक असतो, त्याच्या खिशात लाल पेन असते, आणि शुभकार्याच्या कागदावर लाल रेघा कशाला, असे कोणी विचारलेच तर ‘कुंकवाचाही रंग तोच आहे’ हे त्याचे उत्तर ठरलेले असते.

लग्नपत्रिकेपेक्षा वास्तुशांतीची पत्रिका सरांना अधिक प्रिय असते, आणि त्याचे कारण व्याकरणाचे आहे. लग्नाचा मजकूर छापखान्यात तयारच मिळतो; परंतु घर ही आयुष्यात बहुधा एकदाच बांधायची वस्तू असल्याने, सळईच्या कारखान्यात किंवा बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करून कर्ज काढलेला यजमान ते निमंत्रण स्वतःच्या शब्दांत लिहू पाहतो, आणि स्वतःच्या शब्दांत लिहिणारा माणूस काळात चुकतो. अशा कच्च्या मजकुराचा सर्वसाधारण नमुना पुढीलप्रमाणे असतो: ‘सर्व नातेवाइकांना कळविण्यात येते की, आमच्या नवीन घराची वास्तुशांती रविवारी संपन्न झाली आहे. आपण सहकुटुंब उपस्थित राहत आहात. जेवण 12 ते 3 या वेळेतच मिळेल. समक्ष भेट न झाल्यास गैरसमज करून घेऊ नये.’

हा कागद हाती पडताच सर चष्मा कपाळावर नेतात आणि प्रथम ‘कळविण्यात येते’ यावर रेघ मारतात, कारण या रचनेत कळवणारा कोण हे कळतच नाही. ती तहसील कार्यालयाच्या फलकावर शोभते, तेथे कर्ता लपलेलाच बरा असतो. त्यानंतर ते ‘संपन्न झाली आहे’ यापाशी बराच वेळ थांबतात. हा पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे क्रिया नुकतीच संपल्याचे सांगणारा काळ, यजमानाने वर्तमानपत्रातील कार्यक्रमांच्या बातम्यांतून उचललेला असतो. पण बातमी कार्यक्रमानंतर लिहिली जाते आणि पत्रिका आधी, एवढा भेद त्याच्या ध्यानात आलेला नसतो. अशी पत्रिका वाचून भोकरदनचे मामा अभिनंदनाचा निरोप पाठवतील आणि घरीच बसतील, हे सरांचे भाकीत अतिशयोक्त म्हणता येत नाही.

यावर सर ‘वास्तुशांती करण्याचे योजिले आहे’ असे लिहितात, तेव्हा यजमान, अगदी मुद्देसूदपणे, हाही पूर्ण वर्तमानकाळच नव्हे काय, अशी शंका काढतो. सरांचा खरा आनंद या शंकेत असतो. काळ तोच आहे, पण पहिल्या वाक्यात शांतीच उरकलेली आहे, तर दुसऱ्यात केवळ बेत पूर्ण झाला असून शांती अद्याप व्हायची आहे, हे ते कागदाच्या पाठीमागे आकृती काढून समजावतात आणि चहा गार होतो.

‘उपस्थित राहत आहात’ या वाक्याकडे मात्र ते थोड्या ममतेने पाहतात. चालू वर्तमानकाळ जवळच्या भविष्यासाठी वापरणे मराठीला परके नाही. परतूर-मंठ्याकडचा माणूस ‘रविवारी वास्तुशांती करायलोत, या’ असे म्हणतो आणि कोणाचाही घोटाळा होत नाही. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा परतूर परभणीतून आले आणि बाकीचा मुलूख औरंगाबादेतून, त्यामुळे एकाच पत्रिकेचे वाचक दोन वळणांची बोली बोलतात, असा ऐतिहासिक आधारही सर देतात. परंतु स्वतः करत आहोत म्हणणे वेगळे आणि पाहुणा येतच आहे असे परस्पर ठरवणे वेगळे. पहिल्यात उत्साह आहे, दुसऱ्यात हजेरी आहे.

मग कोणते रूप घ्यावे? ‘या’ हे आज्ञार्थी रूप धाकट्या भावाला चालते, थोरल्या आत्याला नाही. ‘याल अशी आशा आहे’ यात आत्या येणार नाही अशी शंका डोकावते. ‘आलात तर आनंद होईल’ यात भूतकाळी दिसणारे रूप ‘तर’च्या संगतीने अट बनते, आणि नाही आलात तरी चालेल, हा त्याचा उरलेला अर्धा भाग सोयऱ्यांना छापल्याशिवायही वाचता येतो. उरते ते ‘यावे’, म्हणजे विध्यर्थ, ज्यात इच्छा, विनंती आणि कर्तव्य ही तिन्ही एकत्र नांदतात. येथे सर पाणिनीला बोलावतात: अष्टाध्यायीत लिङ् हे क्रियारूप ज्या अर्थांनी वापरावे असे सांगितले आहे, त्यांत निमंत्रण आणि आमंत्रण वेगवेगळे मोजलेले असून, टीकाकारांच्या मते निमंत्रण टाळता येत नाही, आमंत्रणाला मात्र जावे की न जावे हे बोलावलेल्याच्या मर्जीवर असते. म्हणूनच शेवटची ओळ ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ अशी होते आणि ‘गैरसमज’ हा शब्द, जो नसलेला गैरसमज सुचवून ठेवतो, कायमचा बाद होतो.

जेवणाच्या वाक्यावर दोघांत खरी चकमक झडते. ‘वेळेतच मिळेल’ यातील भविष्यकाळ व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्याला खानावळीचा वास येतो, त्यातही ‘च’ने ताट अर्धे ओढून घेतल्यासारखे वाटते. सर लिहितात, ‘दुपारी 12 पासून आपण येईपर्यंत पंगती सुरू राहतील.’ आचाऱ्याशी ताटावर ठरवलेला यजमान ‘येईपर्यंत’ हा शब्द वाचून पांढरा पडतो, आणि बऱ्याच घासाघिशीनंतर ‘दुपारी 12 पासून आमच्यासोबत दोन घास घ्यावेत’ यावर तडजोड होते. सरांची जिव्हाळ्याची कल्पना दुसऱ्याच्या खर्चाने वाढते, हा या प्रकाराचा एकमेव पण मोठा दोष होय.

‘आहेर आणू नयेत’ ही ओळ सुचवण्याचे धाडसही ते एकदा करून पाहतात. पण वास्तुशांतीला यजमानीणबाईंच्या माहेरचा आहेर हा मानाचा विषय असल्याने आतून भांड्यांचा आवाज येतो आणि ती ओळ आपोआप गळते.

शुद्ध झालेला मजकूर छापला जातो, पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीपुढे ठेवली जाते, आणि उरलेल्या घेऊन यजमान दुचाकीवरून तालुके पालथे घालतो, कारण या भागात कुंकू-अक्षता लावून हातात दिल्याखेरीज पत्रिका पोहोचली असे कोणी मानत नाही. या धावपळीत एक घर बहुधा राहून जाते, आणि ते सरांचे असते. ज्याने पत्रिका लिहिली त्याला ती काय द्यायची, असा यजमानाचा सरळ हिशेब असतो. सरांना तारीख, वेळ, स्थळ आणि प्रत्येक स्वल्पविराम तोंडपाठ असतो, पण निमंत्रण नसते, आणि निमंत्रणाविना जाणे त्यांच्या व्याकरणात बसत नाही. रविवारी दुपारी दीडच्या सुमारास पंगतीच्या गलबल्यातून फोन येतो, ‘सर, तुम्ही आला नाहीत!’ या वाक्यात दुरुस्त करण्याजोगे काहीही नसते.