बाळाचे अंदाजपत्रक

आमच्या जावईबापूंनी बाळ यायच्या आधीच त्याच्या पहिल्या वर्षाचा खर्च एक्सेलमध्ये मांडला आणि मी निवृत्त बँकवाला म्हणून तपासायला माझ्याकडे पाठवला. बेरजा चोख होत्या. पाळणा, बाबागाडी, बाटली गरम ठेवायचे यंत्र, सगळ्याला स्वतंत्र ओळ! आता पाळणा आमच्याच माळ्यावर आहे आणि झबली-टोपडी बाळंतविड्यात इतकी येतात की निम्मी घालायच्या आधीच आखूड होतात.

सेलमध्ये मिळाले म्हणून अगदी लहान मापाच्या डायपरचे सहा पुडे मात्र येऊन पडले होते. दिवसाला आठ, एक दहा रुपयांना, म्हणजे महिन्याला चोवीसशे. पण पाचेक महिन्यांत बाळाचे वजन जन्माच्या दुप्पट होते. ते माप दोन महिन्यांतच मांडीला काचायला लागते. दिवसा जुन्या साडीचे लंगोट वापरा, असे आमच्या हिने सुचवले. जावईबापू नुसते हसले.

लसींच्या ओळीत ‘अंदाजे पाच हजार’ लिहिले होते. खासगी दवाखान्यात सहाव्या आठवड्याच्या एका खेपेलाच सात-आठ हजार सहज होतात, आणि दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पुन्हा जायचे असते. महाग असते ती ‘पेनलेस’ लस. सुई तितकीच टोचते बरं का! तिच्यात डांग्या खोकल्याच्या अख्ख्या जंतूऐवजी त्याचे निवडक भाग असतात, म्हणून ताप आणि सूज कमी. पंचसंयुक्त, पोलिओ, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल या लसी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात आणि संरक्षणात काही कमी नसतात. एक रात्र ताप सोसायची तयारी असेल तर एवढ्या लसी तिथे घ्याव्यात आणि सहा महिन्यांनंतरच्या फ्लूसारख्या, सरकारी यादीत नसलेल्या लसींसाठी पैसे राखावेत. कार्ड मात्र एकच ठेवावे आणि तपासणीला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

सगळ्यात छोटी ओळ होती, ‘विमा: आहे’. मी तिथेच पेन टेकवले. होता तो नवराबायकोचा. घरच्या फ्लोटर पॉलिसीत बाळाला बहुधा नव्वद दिवसांनंतरच घेतात. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवणे किंवा काचेच्या पेटीत ठेवणे, हे बहुतेक पहिल्याच आठवड्यात उद्भवते आणि पेटीचे बिल दिवसावर चढते. नोकरीतल्या सामूहिक विम्यात प्रसूतीचे कलम असेल तर बाळ अनेकदा पहिल्या दिवसापासून धरतात, पण मुदतीत कळवले तरच. लसी आणि नेहमीच्या तपासण्या तर सहसा कुठल्याच विम्यात बसत नाहीत.

तेव्हा होऊ घातलेल्या आईबाबांनो, बाबागाडीचा रंग नंतर ठरवा. सातव्या महिन्यातच कंपनीला लेखी विचारा: बाळ पहिल्या दिवसापासून धरणार का, आणि किती दिवसांत कळवायचे? विम्यात बाळाचे नाव घालायला लागणारी जन्माची नोंद एकवीस दिवसांत विनाशुल्क होते आणि ती नावाशिवायही चालते. बारशाच्या नावावरून आत्याशी वाद चालू असला तरी दाखला अडत नाही.