थ्रीडीवाला

आर्किटेक्टच्या ऑफिसात, भर दुपारी पडदा ओढून, अंधाऱ्या कोपऱ्यात कुणी बसलेला दिसला तर ओळखावं: दुसऱ्यांच्या ऑफिसात लख्ख उजेड पाडणारा गृहस्थ तो हाच. कार्डावर तो ‘व्हिज्युअलायझर’ असतो. सुतारापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला थ्रीडीवाला म्हणतात. स्वतःच्या टेबलावर ऊन आलेलं त्याला खपत नाही, स्क्रीनवरचे रंग बदलतात म्हणे.

त्याला जगात एकच हवामान मान्य आहे, ढगाळ. सरळ उन्हाने जमिनीवर पट्टे पडतात आणि पट्टे पडले की क्लायंट विचारतो, “इथं बसणाऱ्याच्या डोळ्यांवर येणार का हो?” म्हणून तो ढगाळ आभाळाचा गोल फोटो सीनभोवती गुंडाळतो. मग सावल्या मऊ होतात आणि उजेड सगळीकडे सारखा पसरतो. निदान पसरायला हवा.

पसरत नाही. हिंजवडीतल्या एका मजल्याचं काम मी जवळून पाहिलं. खोली साठ फूट, खिडक्या एकाच बाजूला, त्यांचा माथा नऊ फुटांवर. कामापुरता दिवसाचा उजेड आत पोचतो तो खिडकीच्या माथ्याच्या साधारण दोन ते अडीच पट, म्हणजे अठरा ते बावीस फूट. पुढची दोन तृतीयांश माणसं दिव्यांच्याच भरवशावर. थ्रीडीवाल्याने पहिला रेंडर प्रामाणिकपणे काढला. खिडकीजवळची टेबलं झगमगत होती आणि मधली वर्कस्टेशन्स तळघरात ठेवल्यासारखी दिसत होती. क्लायंटने एकच शेरा पाठवला, “थोडं ब्राइट करा.”

थ्रीडीवाल्याने एक्स्पोजर वाढवलं नाही. तसं केलं तर खिडक्या नुसत्या पांढऱ्या होतात, हे कळायला त्याला दोन वर्षं लागली होती. त्याने कॅमेऱ्यामागची अख्खी भिंत काढून टाकली. चित्रात ती दिसणारच नव्हती; पण तिकडून आभाळ आत आलं. मग छताखाली कॅमेऱ्याला न दिसणारे मोठे चौकोनी दिवे टांगले. टेबलं उजळली, छत मात्र राखाडीच राहिलं.

हे छत म्हणजे त्याचा जुना वैरी. दोन बाय दोनच्या अकूस्टिक टाइल्स, त्यांवर बारीक भोकं. लांबवर ती भोकं पिक्सेलपेक्षा लहान होतात आणि चित्रात नागमोडी पट्टे उमटतात, म्हणून मागच्या टाइल्सची भोकं तो गुपचूप बुजवतो. उजेडाचं दुखणं त्याहून मोठं. खालच्या बाजूला तोंड केलेल्या छताला मिळतो तो बहुतेक जमिनीवरून उसळलेला उजेड, आणि साहेबांनी निवडला होता कोळशाच्या रंगाचा गालिचा. तो सगळा उजेड गिळून टाकत होता.

“सर, गालिचा जरा फिका घेऊया?”

“अहो, चहा सांडतो लोकांचा. डार्कच पाहिजे. आणि छत पांढरंशुभ्र.”

थ्रीडीवाला वाद घालत नाही. व्ही-रेमध्ये एक सोय आहे: एकाच वस्तूला दोन मटेरियल लावता येतात, एक कॅमेऱ्याने पाहायचं आणि दुसरं उजेडाने आपटायचं. कॅमेऱ्याला दिसला कोळसा, उजेड आपटला दुधी रंगावर. छत शुभ्र झालं. असा गालिचा बाजारात कुठे मिळतो, हे साहेबांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

शेवटी फोन आला, “काचेच्या मीटिंग रूम काळ्या का?” त्याने मटेरियल उघडलं, `Affect shadows` पुढची खूण राहिली होती. ती नसली की रेंडरमधली काच आरपार दिसते खरी, पण सावली भिंतीसारखी पाडते. खूण केली, खोल्या उजळल्या, मग आत त्याची कायमची मंडळी बसवली: लॅपटॉपकडे पाहून हसणारी परदेशी बाई आणि उभ्याने कॉफी पिणारा दाढीवाला. ही दोघं पुण्यातल्या अनेक कंपन्यांत एकाच वेळी कामाला आहेत. टेबलावर वायर एकही नाही, डबाही नाही.

चित्र मंजूर झालं, लॉबीत फ्रेम करून लागलं. सहा महिन्यांनी ऑफिस उभं राहिलं, तेव्हा मधल्या रांगांवर भरदिवसा एलईडी पॅनेल जळत होते आणि साहेब इलेक्ट्रिशियनला झापत होते. थ्रीडीवाल्याला उद्घाटनाचं बोलावणं नव्हतं. असतं तरी तो गेला नसता. आपलं बांधून झालेलं काम तो सहसा पाहत नाही.

तुमच्यापुढे असा रेंडर आला, तर खिडकीजवळच्या टेबलाखालची सावली पाहा आणि मग खोलीच्या मधल्या टेबलाखालची. दोन्ही सारख्याच फिक्या असतील, तर सही करण्याआधी दिव्यांचं कोटेशन मागवा.