सरांनी सह्या वेळेवर केल्या

ट्रेनीचा निरोपाचा मेसेज ग्रुपवर आला की मी तो आधी वाचत नाही, त्यात माझं नाव शोधतो. चष्मा कपाळावरून नाकावर येईपर्यंत अंगठा खाली सरकायला लागलेला असतो. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंग-रसायनांच्या कंपनीत मी लॅब सांभाळतो आणि दर उन्हाळ्यात डिप्लोमाची पोरं ट्रेनिंगला येतात, त्यांचा 'इंडस्ट्री मेंटॉर' म्हणून कॉलेजच्या कागदावर माझं नाव असतं. कागदावर असलेलं नाव आभारातही असावं ही अपेक्षा मला तरी रास्त वाटते.

नाव असून भागत नाही, ते कितव्या क्रमांकावर आहे हेही बघावं लागतं. लग्नपत्रिकेत आपण स्वागतोत्सुकांत आहोत की 'व समस्त परिवारा'त, हे मांडवात शिरण्याआधी पाहून ठेवतात, तसंच हे. पहिला मान डायरेक्टरसाहेबांचा. पोराने त्यांना उभ्या ट्रेनिंगमध्ये एकदा, तेही मोटारीच्या काचेतून पाहिलेलं असतं. मग एचआर. एचआरने काय केलं? फॉर्म हरवला आणि पुन्हा भरून घेतला. मग प्रॉडक्शन मॅनेजर. मग 'लॅबमधील सर्वजण'. त्या 'सर्वजण'मध्ये मी अनेक उन्हाळे काढले आहेत.

मजकुराबद्दल तर बोलूच नये. तोच 'अविस्मरणीय प्रवास', तोच 'अमूल्य मार्गदर्शन'. एकाने नेटवरून उचललेल्या मजकुरात बँकेतल्या सहकाऱ्यांचे आभार मानले. आमच्याकडे बँक नाही, बॅच असते. दुसरा मात्र मनापासून लिहिणारा निघाला आणि तो जास्त महागात पडला. आभार मानता मानता त्याने आमच्या एका मालाचं यील्ड किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर गेलं आणि ते कोणत्या पार्टीसाठी, हे सगळं लिहून टाकलं, वर रिअ‍ॅक्टरसमोरचा सेल्फी जोडला. प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे, म्हणजे हा फोटो आपल्या गुन्ह्याचा पुरावा आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. एचआरने त्याचं सर्टिफिकेट अडवून धरलं आणि माझ्याकडून खुलासा लिहून घेतला. त्या मेसेजमध्ये पहिलं नाव माझं होतं, हा माझा योग.

तर 2024चा जून. एमआयडीसीतल्या 23 मेच्या स्फोटाला महिनाही झाला नव्हता. कल्याणहून एक मुलगी यायची, कॉलेज ठाण्याचं. तेव्हा ट्रेनिंग सहा आठवड्यांचं होतं. नव्या अभ्यासक्रमात ते बारा आठवड्यांचं झालं आहे. रोज काय केलं ते डायरीत लिहायचं, आठवड्याला मेंटॉरने सही करायची आणि शेवटी मेंटॉरनेच मार्कही द्यायचे. मुलगी गप्प, बुटकी आणि डोळ्यात तेल घालून काम करणारी.

पहिल्याच आठवड्यात तिला टायट्रेशन दिलं. कॉस्टिकच्या द्रावणाची ताकद काढायची. फ्लास्कमध्ये मोजून घेतलेलं ऑक्झॅलिक आम्ल, त्यात फिनॉफ्थॅलिनचे दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये कॉस्टिक. थेंब थेंब सोडत जायचं. फिकट गुलाबी रंग आला आणि हलवूनही अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. गडद झाला तर गेलं, पहिल्यापासून करा. लागोपाठची रीडिंगं एकमेकांपासून 0.1 मिलिलिटरच्या आत यायला हवीत. तिची आली 23.4, 23.9 आणि 23.6.

आता इथे मी जरा लांबण लावणार आहे. टायट्रेशन म्हटलं की मला आवरत नाही, तेव्हाही आवरलं नव्हतं. मी तिला खुर्चीत बसवलं आणि अचूकता म्हणजे काय यावर बोलायला लागलो. चुका दोन जातींच्या. एक, नेहमी एकाच बाजूला ओढणारी. दुसरी, कधी इकडे कधी तिकडे. फळ्यावर नेमबाजीचं लक्ष्य काढलं आणि त्यावर ठिपके दिले. स्टँडर्ड डेव्हिएशनचं सूत्र मांडलं, ते आठवेपर्यंत चहा मागवला. मुलगी वहीत सगळं उतरवून घेत होती, म्हणून मला आणखी स्फुरण चढलं. शेवटी फळा भरला आणि मी समाधानाने मीटिंगला निघून गेलो.

मीटिंगहून परतलो तर टेबलावर ब्युरेटचा स्टँडच नाही. तो खाली एका बुटक्या स्टुलावर होता आणि शेजारी आमचे लॅब अटेंडंट मामा उभे होते. ब्युरेटचा शून्य वरच्या टोकाला असतो आणि आमच्या टेबलावर तो तिच्या डोक्याच्याही वर जायचा. खालून वर बघितलं की द्रवाचा बाक आहे त्यापेक्षा खालच्या रेघेवर दिसतो, आणि ब्युरेटवर खाली जावं तसा आकडा वाढतो. म्हणजे ती ज्याला शून्य समजत होती तो शून्याच्या वर होता. एखाद्या वेळी टाचा उंचावल्या तर कमी वर, नाही उंचावल्या तर जास्त. शेवटचं रीडिंग मात्र डोळ्यांच्या पातळीवर यायचं, म्हणून ते बरोबर. सुरुवात रोज नवी आणि शेवट खरा. मग उत्तर कसं जुळणार? मामा तिला म्हणाले होते, "तू उंच नको होऊस, ब्युरेट खाली घे."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. ब्युरेट भरून झाली तरी फनेल तिने वरच ठेवली होती. तिच्या बुडाशी लटकलेला थेंब मध्येच आत पडतो, पातळी वर येते आणि खर्च झालेलं द्रावण कमी दिसतं. फनेल काढून त्यांनी ट्रेमध्ये आडवी ठेवली. मागे पांढरा कागद धरला. पुढची रीडिंगं आली 23.80, 23.85, 23.80. माझा फळा तसाच भरलेला होता.

हे मामा कंत्राटावर आहेत. कंत्राटदार बदलले, मामा तेच राहिले. नव्या आलेल्याला पहिल्या दिवशी डोळे धुवायचा नळ आणि आपत्कालीन शॉवर तेच दाखवतात, आणि नुसतं दाखवत नाहीत, डोळे मिटून तिथवर चालत जायला लावतात. डोळ्यात आम्ल गेल्यावर दिसणार कसं, असं त्यांचं म्हणणं. 2016च्या मे महिन्यातला स्फोट झाला तेव्हा ते फेज टूमध्येच होते; त्याविषयी ते बोलत नाहीत, फक्त गॉगल कपाळावर चढवून फिरणाऱ्याच्या अंगावर खेकसतात. त्यांना कंपनीचा ईमेल नाही आणि ते लॅबच्या ग्रुपवरही नाहीत. इतक्या वर्षांत पोरांनी आमच्यावर जेवढी म्हणून कृतज्ञता उधळली, त्यातला एक शब्द या माणसाच्या कानावर गेलेला नव्हता. आपलं नाव तिसरं की पाचवं हे मोजत बसलेल्या मला हे कधी खटकलं नव्हतं. खटकायला हवं होतं.

आमच्याकडे शुक्रवारची सुटी, म्हणून तिचा शेवटचा दिवस गुरुवार. दुपारी चारच्या सुमारास मेसेज आला. वेळ उत्तम निवडली होती. सकाळी निरोप घेतला की माणसं तुम्हाला गेल्यात जमा धरतात आणि दिवसभर कुणी काम सांगत नाही. रात्री अकराला पाठवला तर सकाळच्या सुप्रभाताच्या फुलांखाली गाडला जातो. मजकूर असा:

"नमस्कार. आज माझं ट्रेनिंग संपलं. मामांनी ब्युरेट खाली घेऊन रीडिंग घ्यायला शिकवलं आणि फनेल काढायची सवय लावली. मॅडमनी सांगितलं की रजिस्टरमधला चुकलेला आकडा गिरवायचा नाही, एका रेघेने कापून शेजारी सही आणि तारीख घालायची. सरांनी डायरीवर सह्या वेळेवर केल्या. गॉगल धुऊन कपाटात ठेवला आहे, लॉकरची किल्ली मामांकडे दिली आहे. सर्वांचे आभार."

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. सरांनी सह्या वेळेवर केल्या! नेमबाजीचं लक्ष्य? स्टँडर्ड डेव्हिएशन? चहा? घरी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "वेळेवर केल्यास ना? मग खरंच लिहिलंय तिने. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर पण करत जा."

रागाने का होईना, मी तो मेसेज बारकाईने तपासला आणि त्यात एक शब्द फुकट गेलेला सापडेना. प्रत्येक माणसामागे एक काम, आणि ते काम त्याच माणसाने केलेलं. बॅच नंबर नाही, पार्टीचं नाव नाही, फोटो नाही. कंपनीची वस्तू कुठे आहे हे सांगितलेलं, म्हणजे उद्या कुणी फोन करून 'किल्ली कुठाय' विचारणार नाही. माझ्याविषयीचं वाक्यही, बघायला गेलं तर, ग्रुपमधलं सगळ्यात पडताळून बघता येण्याजोगं होतं. तारखांसकट पुरावा डायरीत.

शनिवारी मी तो मामांना वाचून दाखवला. ते फनेल धूत होते. "फनेलचं लिहिलंय? बरं झालं," म्हणाले. "पुढच्या पोराला तेच वाचायला द्या, माझं तोंड वाचेल." मग जरा थांबून, "किल्ली दिलीय तिने. खरं आहे."

निरोपाच्या भाषेबद्दल आणखी एक सावधगिरी. माझा भाचा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कार्यालयात लागला होता. पदवीधर म्हणून महिन्याला 10,000 रुपये; डिप्लोमावाल्यांना 8,000 आणि बारावीवाल्यांना 6,000. मुदत सहा महिन्यांची. ती संपली तेव्हा त्याने 'आपणा सर्वांना कायमचा अंतरतोय' असा गहिवरलेला मेसेज टाकला, साहेबांना पेढे दिले. 2025मध्ये सरकारने मुदत पाच महिन्यांनी वाढवली. पठ्ठ्या पुन्हा त्याच टेबलाशी हजर. दुसऱ्या निरोपाला त्याच्यापाशी ना शब्द उरले होते, ना पेढ्यांचे पैसे.

तुमच्या घरातलं पोर सध्या कुठे ट्रेनिंगला जात असेल तर त्याला एवढं सांगा. मेसेज शेवटच्या दिवशी दुपारी पाठव, चार-पाच ओळींचा. कुणी काय शिकवलं ते लिही. नसेल शिकवलं तर नुसतं नाव लिही, गुण चिकटवू नकोस. जो ग्रुपवर नाही त्याला जाऊन तोंडाने सांग. आणि मेसेज लिहायला बसण्याआधी डायरीवरच्या सगळ्या सह्या झाल्यात का बघ, कारण गेटपास जमा केल्यावर सिक्युरिटी आत सोडत नाही.