गॅरंटी सहाशे, जेवले सातशे पंधरा

इव्हेंट मॅनेजरच्या नोकरीच्या अर्जात ‘तुम्ही सांभाळलेला एक मोठा कार्यक्रम’ असा रकाना असतो. तिथे बहुतेक उमेदवार ‘चोख नियोजन केले’ असे लिहितात, आणि आयत्या वेळच्या संकटाला पाऊस बोलावतात. पावसाची उलटतपासणी होत नाही, ही त्याची सोय. अर्ज वाचणाऱ्याला मात्र आकडे हवे असतात.

समजा, नाशिकच्या एका लॉनवर एका कंपनीचा डीलर मेळावा आहे. बजेट 18 लाख, जीएसटी वेगळा. त्यात 5.60 लाख मांडव, स्टेज आणि सजावटीला, 5.40 लाख जेवणाला, म्हणजे 900 रुपयांच्या 600 प्लेटी. आणि 90 हजार आकस्मिक खर्चाला. कंपनीचा मालक हा शेवटचा आकडा पहिल्यांदा कापायला निघतो. तो कसा वाचवला, हे अर्जात जरूर लिहावे. अर्धी लायकी तिथेच कळते.

व्हेंडरांची नुसती यादी देऊन भागत नाही. कोणाशी काय ठरले ते लिहावे. केटररला 600 प्लेटींची गॅरंटी दिली, म्हणजे 500 माणसे आली तरी पैसे 600चेच. उलट बाजूने, वीस टक्क्यांपर्यंत जादा प्लेटी त्याच दराने, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहून घेतले. रिकाम्या प्लेटी आधी मोजून दोघांनी सह्या केल्या. ही मोजणी राहिली, की रात्री बाराला आचारी आणि मॅनेजर उष्ट्या प्लेटींच्या ढिगाशी गणित मांडत बसतात.

आता संकट. ते घड्याळ लावून सांगावे. 8.40ला 430 प्लेटी उठल्या होत्या, आणि अंदाजे 285 माणसे अजून जेवायची होती. डीलर सहकुटुंब आले होते. ड्रायव्हर तर कुणी मोजलेच नव्हते, खरे म्हणजे पार्किंगमधल्या गाड्या साडेसातलाच ते ओरडून सांगत होत्या. केटररने नेहमीप्रमाणे दहा टक्के जास्त, म्हणजे 660 जणांचे रांधले होते. पंचावन्न पाने कमी! पनीर आता होणे नव्हते. मसालेभात आणि पुऱ्या चाळीस मिनिटांत होतात. कंपनीच्या माणसाची मंजुरी व्हॉट्सअ‍ॅपवर घेतली, भट्टी पुन्हा पेटली. तेवढा वेळ काढायला विभागीय व्यवस्थापकांना सत्काराचे भाषण लांबवण्याची विनंती झाली. अशी विनंती त्यांना आयुष्यात प्रथमच झाली असावी. दहाला माइक बंद करायचा कायदा नसता, तर मसालेभात गार झाला असता.

हिशेब असा: जादा प्लेटी 115, खर्च 1,03,500. आकस्मिक निधी 90 हजार, वरचे 13,500 एजन्सीच्या फीमधून. हा तोटा उमेदवार हमखास लपवतात, पण केटररला एक फोन केला की तो बाहेर येतो. पुढच्या मेळाव्याच्या नोंदणी फॉर्ममध्ये काय बदलले, हेही एका ओळीत लिहावे: ‘सोबत ड्रायव्हर आहे का?’