परीक्षक महोदय, 121 घालून पाहाल का?

आदरणीय परीक्षक महोदय यांस,



पत्रास कारण की, गेल्या सत्राचा निकाल लागल्यावर माझ्या चार विद्यार्थ्यांनी सी प्रोग्रॅमिंगच्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मागवल्या आणि माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. त्यामुळे आपल्या लाल शाईचे इतक्या जवळून दर्शन घडले. प्रश्न सहा गुणांचा होता. दिलेली संख्या पॅलिन्ड्रोम आहे का, म्हणजे उलटी वाचली तरी तीच राहते का, हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. चौघांवरही आपली कृपा झाली, पण प्रत्येकावर निराळी, म्हणून आभारही निराळे मानतो.

पहिले आभार सहापैकी सहा गुणांबद्दल. या मुलाचे अक्षर मोत्यासारखे आहे. समास आखलेला, कंसाखाली कंस, आणि शेवटी चौकटीत सुबकपणे लिहिलेले आउटपुट: 121 पॅलिन्ड्रोम आहे. त्या चौकटीवर आपण केलेली बरोबरची खूण तर फारच ठसठशीत आहे. प्रोग्रॅमचा गाभा असा होता:

```c
while (n > 0) {
    d = n % 10;
    rev = rev * 10 + d;
    n = n / 10;
}
if (rev == n)
    printf("Palindrome");
else
    printf("Not palindrome");
```

महोदय, आपल्यासारख्या अधिकारी व्यक्तीला ड्राय रन शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. उत्तरपत्रिकेच्या समासात जे कुठेच दिसले नाही, तेवढेच इथे मांडतो. `n` मध्ये 121 घेतले आणि लूपची प्रत्येक फेरी एका ओळीत लिहिली:

```
      d    rev    n
      -      0   121
1     1      1    12
2     2     12     1
3     1    121     0
```

शेवटची ओळ कृपा करून पुन्हा एकदा पाहावी. `rev` मध्ये 121 तयार झाले खरे, पण तोवर `n` चे अंक एकेक करून निघून गेले आणि तिथे 0 उरला. आता `if` विचारतो, 121 आणि 0 सारखे आहेत का? नाहीत. म्हणून 121 ला हा प्रोग्रॅम पॅलिन्ड्रोम नाही म्हणतो. 7 ला नाही म्हणतो, 1331 ला नाही म्हणतो. शून्याहून मोठी कोणतीही संख्या द्या, त्याचे उत्तर ठरलेले आहे. लूपच्या आधी `t = n;` अशी एक ओळ लिहून मूळ संख्या बाजूला ठेवायची आणि शेवटी `rev` ची तुलना `t` शी करायची राहिली, एवढीच चूक.

म्हणजे चौकटीतले ते आउटपुट या प्रोग्रॅममधून निघालेच नव्हते. मुलाने ते वहीतून पाठ केले होते, आणि आपण त्या पाठांतराला पैकीच्या पैकी गुण बहाल केलेत. पुरणपोळी न चाखता तिच्या गोलाईवर बक्षीस द्यावे, असा हा आपला दिलदारपणा.

दुसरे आभार एका मुलीच्या वतीने, जिला आपण सहापैकी दोन गुण दिलेत. तिने मूळ संख्या `t` मध्ये ठेवली, लूप `t` वर चालवला आणि शेवटी `rev` ची तुलना शाबूत राहिलेल्या `n` शी केली. विचारात कुठेही खोट नाही. तिच्या अक्षराला वळण नाही, आणि चार ओळींच्या शेवटी सेमीकोलन राहिले. त्या चारही जागांना आपण लाल गोल केलात आणि प्रत्येक गोलामागे एक गुण कापलात. आपल्या हिशेबातली शिस्त वाखाणण्यासारखी आहे.

सेमीकोलन राहणे ही चूक आहे, हे मी वर्गात रोज सांगतो. पण ती कोणत्या जातीची चूक आहे, हेही सांगतो. मशीनवर हा प्रोग्रॅम कंपाइल केला असता तर कंपायलरने लगेच ओळ क्रमांकासह तक्रार केली असती आणि मुलीने मिनिटभरात चारही ठिकाणी सेमीकोलन टाकले असते. परीक्षेच्या कागदावर तिला कंपायलर नव्हता. उलट त्या सहा गुणांच्या उत्तराबद्दल कोणताही कंपायलर तक्रार करणार नाही. तो प्रोग्रॅम निमूट कंपाइल होईल, निमूट चालेल आणि शून्याहून मोठ्या प्रत्येक पॅलिन्ड्रोमलाही नाकारेल. जी चूक मशीन आपणहून दाखवते तिला आपण चार गुणांची शिक्षा केलीत, आणि जी फक्त माणसाला सापडते ती सोडून दिलीत. मग परीक्षक म्हणून माणूस कशासाठी बसवायचा?

सेमीकोलनवर आपली एवढी निष्ठा आहेच, तर त्याची खरी घातक जागाही नजरेखालून घालावी. `while (t > 0);` असे कोणी लिहिले, तर ते शेवटचे सेमीकोलन हेच लूपचे संपूर्ण शरीर ठरते. महिरपी कंसातल्या ओळींपर्यंत पाळी येतच नाही, `t` कधी कमी होत नाही आणि प्रोग्रॅम तिथेच अडकून बसतो. राहिलेल्या सेमीकोलनवर कंपायलर अडतो, या जादाच्यावर अडत नाही. कागदावर मात्र तो ठिपका सेमीकोलनचा की पेन टेकल्याचा, हे ठरवायला मुलाच्या बाकीच्या ओळी पाहाव्या लागतात. इतर ठिकाणी तो सेमीकोलन कसे काढतो? स्वल्पविरामाची शेपटी दिसते का? संशय राहिलाच, तर त्याचा फायदा मुलाला द्यावा.

तिसऱ्या उत्तराला आपण पाच गुण दिलेत. इथे मूळ संख्येची प्रत ठेवलेली होती, सेमीकोलन जागच्या जागी होते. कापलेला एक गुण `#include <stdio.h>` न लिहिल्याबद्दल होता, तशी नोंदच आपण समासात केली आहे. त्या उत्तराची शेवटून चौथी ओळ अशी होती:

```c
if (rev = n)
```

दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच. एका चिन्हाने तुलना होत नाही, `n` ची किंमत `rev` मध्ये भरली जाते. ती किंमत शून्य नसेल तर सी तिला खरे मानते. इथे 121 घालून पाहिले असते तरी चूक सापडली नसती, कारण उत्तर पॅलिन्ड्रोम असेच येते आणि ते बरोबर असते. 123 घाला. लूप संपल्यावर `rev` मध्ये 321 असते, `if` मध्ये शिरताच ते पुसून 123 होते, 123 शून्य नाही, म्हणून प्रोग्रॅम 123 लाही पॅलिन्ड्रोम ठरवतो.

गंमत नव्हे, हाच तपासणीचा कणा आहे. पहिल्या मुलाचा प्रोग्रॅम 123 ला बरोबर उत्तर देतो आणि 121 ला चुकतो. या मुलाचा 121 ला बरोबर उत्तर देतो आणि 123 ला चुकतो. एकच आकडा घेऊन ड्राय रन केला तर दोघांपैकी एक जण नक्की निसटतो. जिथे उत्तर हो यायला हवे असा एक आकडा आणि जिथे नाही यायला हवे असा एक, अशी जोडी घेतली की दोघेही सापडतात. दोन आकड्यांनी प्रोग्रॅम निर्दोष सिद्ध होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण हो आणि नाही या दोन्ही अपेक्षित उत्तरांची निदान एकदा तरी परीक्षा होते.

चौथ्या मुलीला आपण शून्य दिलेत, आणि पानभर एक तिरकी रेघ. तिने संख्या अक्षरांच्या मालिकेसारखी वाचली, `flag` मध्ये 1 ठेवला आणि दोन्ही टोकांकडून मध्याकडे आली:

```c
j = strlen(s) - 1;
for (i = 0; i < j; i++, j--)
    if (s[i] != s[j])
        flag = 0;
```

121 ला पहिला आणि शेवटचा अंक जुळतो, मग `i` आणि `j` मधल्या अंकावर भेटतात, लूप थांबतो, `flag` 1 राहतो. 123 ला पहिल्याच तुलनेत 1 आणि 3 जुळत नाहीत, `flag` 0 होतो. दोन्ही उत्तरे बरोबर. शिवाय नेहमीच्या चार बाइटच्या `int` मध्ये 2147483647 च्या पुढची संख्या मावत नाही, ती अडचणही हिच्या पद्धतीत येत नाही. प्रश्नात भागाकारानेच करा असे कुठे लिहिले नव्हते. फक्त आपल्यासमोरच्या आदर्श उत्तरात `% 10` होते आणि हिच्या उत्तरात ते दिसले नाही.

आदर्श उत्तराबद्दल आपल्याला एवढा आदर आहे म्हणून सांगतो. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या आदर्श उत्तरांच्या सुरुवातीलाच परीक्षकांसाठी सूचना छापलेल्या असतात. उत्तर आदर्श उत्तराशी शब्दशः ताडून पाहू नये, आणि प्रोग्रॅमिंगच्या विषयांत त्याच तोडीच्या कल्पनेवर आधारलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमलाही गुण देता येतात, असा त्यांचा आशय आहे. आपली परीक्षा त्या मंडळाची नव्हती, हे खरे. पण हे शहाणपण उसने घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपण म्हणाल, समोर गठ्ठा असतो, वेळ कुठे आहे? आपल्या वेळेची मला कदर आहे, म्हणून तो वाचवण्याचीच रीत सांगतो. सगळ्या गठ्ठ्यातला हा एकच प्रश्न सलग तपासावा. 121 आणि 123 ही जोडी एकदाच ठरवावी. दहाएक उत्तरे मांडली की नजर आपोआप तीन जागी जाते: मूळ संख्या जपली आहे का, लूप थांबतो का, तुलना खरोखर तुलना आहे का. ओळखीची रचना दिसली तर तेवढे पाहणे पुरते, अनोळखी दिसली तरच पूर्ण तक्ता मांडावा. पहिले वाचन फक्त विचारासाठी करावे, जणू सेमीकोलन सगळे आहेत असे धरून. दुसरे वाचन व्याकरणासाठी, आणि तीच चूक चारदा आली तर गुण एकदाच कापावा. या हिशेबाने मी पहिल्या मुलाला चार, सेमीकोलनवाल्या मुलीला पाच आणि शेवटच्या मुलीला सहा दिले असते. तिसऱ्याचे पाच मी तसेच ठेवले असते, फक्त गुण त्या एका चिन्हासाठी कापला असता.

पहिला मुलगा निकालानंतर लॅबमध्ये आला होता. परीक्षेतला प्रोग्रॅम त्याने जसाच्या तसा टाइप केला होता आणि विचारत होता, "सर, पैकीच्या पैकी मिळाले, मग 121 ला नाही का म्हणतोय?" दोन गुणांची मुलगी पुढच्या सत्रात प्रोग्रॅमिंगचा ऐच्छिक विषय घेणार होती. तिने तो बदलला. "मला कोडिंग जमत नाही," एवढेच म्हणाली. चौघांत विचार सर्वांत स्वच्छ असलेल्या दोघींपैकी ती एक, आणि तिला हे आपण शिकवलेत.

तिच्या पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मी भरून दिला आहे. ती उत्तरपत्रिका आपल्याकडे किंवा आपल्यासारख्याच दुसऱ्या सन्माननीय परीक्षकांकडे जाईल. पेन्सिल घ्यावी, समासात `d`, `rev`, `t` असे तीन रकाने आखावेत, 121 आणि 123 मांडावेत, आणि मग जे गुण निघतील ते द्यावेत. कमी निघाले तरी मी एक शब्द बोलणार नाही.

आपला नम्र,
सी शिकवणारा एक शिक्षक