नफा झाला, पण नफ्यात नाही

जिओ फायनान्शियल सर्व्हिसेसने २०२३-२४ या वर्षात सुमारे १,६०५ कोटी रुपये नफा कमावला. वर्षअखेरीला कंपनीचं निव्वळ मूल्य होतं साधारण १ लाख ३९ हजार कोटी. भागाकार केलात तर परतावा सव्वा टक्क्याच्याही खाली येतो. आपलं बचत खातं यापेक्षा जास्त देतं. एवढा पैसा हाताशी असताना मुदत ठेव करायला कुणी अडवलं होतं का, असं विचारायचा मोह होतो.

अडवलं कुणीच नव्हतं. त्या संपत्तीचा मोठा वाटा रिलायन्स इंडस्ट्रीजच्या शेअरमध्ये आहे. त्या वर्षी जिओ फायनान्शियलच्या समूहाकडे थेट असे सुमारे २४ कोटी शेअर होते, ट्रस्टमार्फतचा हिस्सा वेगळाच. रिलायन्सने शेअरमागे ९ रुपये लाभांश दिला, तेव्हा सप्टेंबर २०२३ च्या तिमाहीत सुमारे २१७ कोटी रुपये जिओ फायनान्शियलच्या नफ्यात राजरोस जमा झाले. पण रिलायन्सचा भाव १०० रुपयांनी वाढला, की या २४ कोटी शेअरवर २,४०० कोटींची वाढ होते. म्हणजे आख्ख्या वर्षाच्या नफ्याहून जास्त! आणि ही रक्कम नफ्याच्या ओळीला हातही न लावता खालून निघून जाते.

ती जाते ओसीआयमध्ये, म्हणजे ‘अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम’मध्ये. ही जागा शोधायला भिंग लागत नाही. नफा-तोटा पत्रकात ‘वर्षाचा नफा’ अशी ओळ येते आणि बहुतेक वाचक तिथेच पान उलटतात. तिच्या लगेच खाली ओसीआय सुरू होतं. त्याचे दोन भाग असतात. एकात पुढे कधीच नफ्यात न येणाऱ्या रकमा, दुसऱ्यात पुढे कधीतरी नफ्यात येणाऱ्या, आणि प्रत्येकासोबत कराची ओळ. शेवटी नफा आणि ओसीआय मिळून एकूण बेरीज. शेअरमागे मिळकत, म्हणजे ईपीएस, मात्र वरच्या नफ्यावरच काढतात. त्यामुळे टीव्हीवर ‘नफ्यात इतकी वाढ’ असं जे ओरडून सांगतात, त्यात ओसीआय नसतंच.

आता हा उपद्व्याप कशासाठी? कारण लॉकरमधल्या पाटल्यांचा भाव वाढला म्हणून यंदा माझा पगार वाढला, असं कुणी शहाणा माणूस सांगत नाही. वर्षानुवर्षं ठेवायला घेतलेल्या शेअरचा भाव रोज वरखाली होतो, त्यावरून कंपनीने धंदा कसा केला हे कळत नाही. म्हणून इंड एएस १०९ हे मानक कंपनीला एक मुभा देतं. शेअर खरेदी-विक्रीच्या उलाढालीसाठी घेतला नसेल, तर त्याच्या भावातला फरक ओसीआयमध्ये टाकता येतो. हे शेअर घेतानाच ठरवायचं आणि एकदा ठरवलं की बदलायचं नाही. भाव पडल्यावर ‘अहो, आम्ही गंमत केली होती’ म्हणायची सोय नाही.

अमेरिकेत ही सोयच नाही. तिथे २०१८ पासून नियम बदलला आणि शेअरच्या भावातला चढउतार थेट निव्वळ नफ्यात यायला लागला. वॉरन बफेंनी भागधारकांना आधीच बजावलं होतं, की यापुढे तळाच्या आकड्यावर जाऊ नका. झालंही तसंच. २०१८ च्या पहिल्या तिमाहीत बर्कशायर हॅथवेच्या विमा, रेल्वे आणि बाकी धंद्यांनी पाच अब्ज डॉलरहून जास्त कमावले, आणि निव्वळ निकाल आला सुमारे १.१ अब्ज डॉलरचा तोटा. आपल्याकडची मुभा त्यांना आवडली असती, असं वाटतं खरं. पण तिच्यात एक मेख आहे.

समजा, एका कंपनीने १० कोटींचे शेअर घेतले आणि ओसीआयचा रस्ता निवडला. पहिल्या वर्षअखेरीला त्यांची किंमत १६ कोटी झाली, दुसऱ्या वर्षी घसरून १३ कोटींवर आली. तिसऱ्या वर्षी तिने ते १८ कोटींना विकले, आणि त्याच वर्षी २० लाख लाभांशही मिळाला. कर तूर्त बाजूला ठेवू. ओसीआयमध्ये आधी अधिक ६, मग वजा ३, मग अधिक ५ कोटी. एकूण ८ कोटींची कमाई, रोकड हातात. तीन वर्षांच्या नफ्यात दिसले किती? २० लाख! शेअर विकून पैसे बँकेत आले तरी ते ८ कोटी नफ्याच्या ओळीत येत नाहीत. ताळेबंदातल्या ‘इतर इक्विटी’मध्ये एका राखीव खात्यातून उचलून शिल्लक नफ्याच्या खात्यात ठेवता येतात, बस्स. शेजारच्या कंपनीने तेच शेअर त्याच दिवशी घेऊन ही मुभा घेतली नसती, तर तिच्या नफ्यात ६, उणे ३ आणि ५ अशी उडी-बुडी-उडी दिसली असती. पैसे दोघींचे सारखेच. बाँडच्या बाबतीत असं नाही, तिथे विक्रीनंतर ओसीआयमधली रक्कम नफ्यात येते. शेअरला ती वाट बंद आहे, कारण नाहीतर नफा कमी पडला की चार शेअर विकून आकडा सजवायचा मार्ग मोकळा होतो.

इथवर सगळं सोज्वळ आहे. पण दार दोन्ही बाजूंनी उघडतं. मालकाच्या मेव्हण्याच्या स्टार्टअपमध्ये कंपनीने १०० कोटी घातले, हिस्सा लहानसा, मुभा घेतलेली. स्टार्टअप झोपलं. १०० कोटी गेले आणि नफ्याच्या ओळीत एक रुपयाचाही तोटा नाही. ईपीएस तसाच, चेअरमनचं भाषण तसंच, आणि नफ्यावर ठरणारा व्यवस्थापनाचा बोनसही तसाच. शेअरसाठी ही मुभा घेतली, की किंमत बुडाल्याची वेगळी नोंद नफ्यात करावी लागत नाही. ज्यांना ‘दीर्घकालीन गुंतवणूक’ हा शब्द फार आवडतो, त्यांच्याकडे जरा निरखून पाहावं.

लाभांश वाटण्याचा मात्र हिशेब कडक आहे. कंपनी कायद्याचं कलम १२३ सांगतं, की कागदावरची भाववाढ नफ्यात धरून लाभांश वाटता येत नाही.

कुणाला तपासायचंच असेल, तर ‘वर्षाचा नफा’ आणि खालची एकूण बेरीज यांतलं अंतर तीन-चार वर्षांचं मांडावं. ग्रॅच्युइटीच्या अंदाजातला फरक, परदेशी उपकंपनीच्या चलनाचा फरक, असलं किरकोळ त्यात असतंच. बाकीचं अंतर शेअरचं असेल, तर इक्विटीतल्या बदलांच्या तक्त्याकडे जावं. तिथे ओसीआयमधून शिल्लक नफ्याकडे हस्तांतर, अशी एक अगदी मुकाट ओळ असते. तिच्यात अधिक आकडा आला, तर कुणीतरी शेअर विकून कमावलं. उणे आकडा आला, तर वार्षिक सभेत हात वर करून विचारायचं: कोणता शेअर होता, कितीला घेतला, कुणाच्या सांगण्यावरून?