शिक्का आहे, मोर्तब नाही

आमच्या घराण्यातील बत्तीस माणसे व्हॉट्सॲपवरील ज्या एका गटात एकत्र नांदतात, आणि ज्याला कोणा उत्साही पुतण्याने 'कुलवृत्तांत' असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे, त्या गटाचा दिवस सूर्योदयाने उगवत नसून तात्यासाहेबांच्या मताने उगवतो. तात्यासाहेब माझे चुलते. कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सन्मानाने निवृत्त झाल्याला त्यांना आता अठरा वर्षे होऊन गेली; परंतु समोर आलेल्या प्रत्येक कागदावर शेरा मारल्याखेरीज तो पुढे सरकू द्यायचा नाही, ही चौतीस वर्षांची सवय निवृत्तीच्या हुकमाने थोडीच सुटते! कागद येण्याचे बंद झाले, तेव्हा त्यांच्या हाती मोबाइल आला. आणि टेबलावर जशा नस्त्या येत तशा बातम्या येऊ लागताच त्यांची लेखणी, म्हणजे आता उजव्या हाताची तर्जनी, पूर्ववत चालू झाली.

तात्यासाहेब ही एक व्यक्ती असली, तरी त्यांच्यासारखे एखादे वडीलधारे मतप्रदाते आज घरोघर आहेत. हे लोक लबाड नसतात, आळशी तर नसतातच. बातमी आणि मत यांच्या दरम्यान जे अंतर असावयास हवे ते मात्र त्यांना सहन होत नाही. पंगतीत वाढप्याने पान मांडताच जेवून उठणारा मनुष्य आपण पाहिलेला नाही. परंतु मथळ्याचा अर्धा भाग दिसताच मत देऊन तृप्तीची ढेकर देणारे तात्यासाहेब मी नित्य पाहतो.

गेल्या वैशाखातली गोष्ट. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तात्यासाहेबांनी गटात एका वृत्तपत्राचा दुवा टाकला. त्याच्या चौकटीत मंत्रालयाचे चित्र होते आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर होता : 'राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीचे वय ५८ वरून ६० करण्याचा निर्णय...'. त्याखाली तात्यासाहेबांचा शेरा : "स्वागतार्ह पाऊल. केंद्राने हे १९९८ सालीच केले होते. आपल्याकडे वर्ग चारचे शिपाई साठीपर्यंत राहतात, मग कारकुनानेच काय घोडे मारले आहे? तथापि तरुणांचाही विचार व्हावा." या शेऱ्यातील सेवानियमांची माहिती अचूक होती, हे कबूल केले पाहिजे. चूक एवढीच होती, की ज्या निर्णयाचे स्वागत चालले होते तो निर्णय झाला की नाही, हे त्या मजकुरात कोठेही म्हटलेले नव्हते.

पण तेवढे पाहण्यास कोणाला सवड होती? शालूताईचे यजमान, म्हणजे तात्यासाहेबांचे जावई, सरकारी नोकर असून चारच महिन्यांनी अठ्ठावन्न पुरी करणार होते, आणि नियमाप्रमाणे त्याच महिन्याच्या अखेरच्या दिवशी खुर्ची सोडणार होते. त्यांचे अभिनंदन सुरू झाले. पुण्यास खोली घेऊन स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणाऱ्या ओंकारने "म्हणजे आणखी दोन वर्षे एकही जागा रिकामी होणार नाही" असे लिहून रागाने लाल झालेले तीन चेहरे जोडले. त्यावर नागपूरच्या काकूंनी अनुभवाचे महत्त्व सांगितले, त्यावर ओंकारने अनुभव आणि वय यांतील फरक सांगितला, आणि सात वाजण्याच्या आत दोन पिढ्यांमध्ये अशी काही जुंपली की नवविवाहित सूनबाईंनी पाठविलेले गुलाबाचे फूल कोणाच्या लक्षातही आले नाही. इकडे शालूताईने वेगळाच मार्ग पत्करला. यजमानांना आता दोन वर्षे रजा मिळणे कठीण, असा हिशेब करून तिने यात्रा कंपनीस फोन केला आणि निवृत्तीनंतरची म्हणून ठरविलेली चारधाम यात्रा रद्द करून टाकली. विसाराचे चार हजार रुपये बुडाले ते बुडालेच.

साडेनऊच्या सुमारास मी तो दुवा उघडला. आत संपूर्ण मथळा होता : 'राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीचे वय ५८ वरून ६० करण्याचा निर्णय अद्याप नाही, संघटनांची पुन्हा मागणी'. आणि त्याखाली बारीक अक्षरांत बातमीची तारीख होती, ती दोन वर्षांपूर्वीची. चौकटीत चित्र येते, मथळा येतो, वृत्तपत्राच्या स्थळाचे नाव येते. तारीख मात्र आतच राहते. जो निर्णय झालेलाच नव्हता, तो दोन वर्षांपूर्वी झालेला नव्हता. आणि त्याच्यापायी आज सकाळी बद्रीनारायणाचे दर्शन हुकले होते.

हा प्रकार घडतो कसा, याचा मी थोडा तपास केला. दुवा पाठविला की मोबाइल त्या पानावरून मथळा उचलतो. परंतु चौकटीत जागा दोन ओळींची, म्हणून तेवढ्यात मावेल तितका मजकूर दाखवून उरलेल्याच्या जागी तीन टिंबे ठेवतो. ही टिंबे बातमीदाराने दिलेली नसतात. जागा संपली, एवढाच त्यांचा अर्थ. तात्यासाहेबांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अक्षरे चांगली हरभऱ्याएवढी करून घेतली आहेत, त्यामुळे त्यांच्या चौकटीत 'निर्णय' या शब्दापाशीच ओळ संपली. माझ्या सौभाग्यवतीच्या मोबाइलवर अक्षरे लहान, तिला 'निर्णय अद्याप...' इथपर्यंत दिसले होते, आणि म्हणूनच त्या सकाळी आमच्या घरातून कोणाचेही अभिनंदन गेले नव्हते. एकाच बातमीवर एकाच घराण्यात दोन मते पडावीत, आणि त्यांचे मूळ तत्त्वात नसून अक्षरांच्या आकारात असावे, हे पाहून मला वादविवादाविषयी असलेला आदर पुष्कळच कमी झाला. काही संपादक वाचकाने आत यावे म्हणून मुद्दामच मथळा अर्धा सोडतात, हेही खरे. पण ती टिंबे दुवा उघडल्यावरही मथळ्यात कायम असतात, आणि यंत्राने ठेवलेली टिंबे उघडताच नाहीशी होतात. एवढ्यावरून दोन्ही ओळखता येतात.

खरी गोम आपल्या भाषेत आहे. मराठी वाक्याचा कर्ता आरंभी थाटात येऊन बसतो, कर्म त्याच्या मागोमाग येते, आणि क्रियापद मात्र लग्नातल्या मुख्य पाहुण्यासारखे सर्वांच्या शेवटी येते. त्यातही 'नाही' हा नकार क्रियापदाच्या पाठीला लागून सर्वांत अखेरीस. इंग्रजी मथळ्याचे शेपूट कापले तर बहुधा स्थळ जाते, काळ जातो, कारण जाते. मराठीचे कापले तर होकार की नकार हेच जाते. 'करण्याचा निर्णय' यापुढे 'झाला' येऊ शकतो, 'लांबणीवर' येऊ शकतो, 'न्यायालयाने रद्द केला' येऊ शकतो आणि 'अद्याप नाही'ही येऊ शकतो. डावीकडचे सात-आठ शब्द या चौघांची सारख्याच निष्ठेने सेवा करतात. तेव्हा टिंबांच्या अगोदरचा शब्द निर्णय, प्रस्ताव, आदेश, मागणी अशा जातीचा असेल, तर वाक्याचा जीव अजून पडद्याआडच आहे असे खुशाल समजावे.

आपल्या पूर्वजांना हा धोका पुरता ठाऊक होता. ही टिंबे, ज्यांना व्याकरणात लोपचिन्ह म्हणतात, त्यांच्यापाशी नव्हती; स्वल्पविराम, पूर्णविराम वगैरे मंडळी इंग्रजी अमदानीत आली, आणि मेजर कँडी यांनी १८५० साली त्यांची परिभाषा लिहिली तेव्हा कोठे ती इकडे रुळली. मोडी पत्रात तर शब्द शब्दाला चिकटून धावत असे. परंतु पत्राच्या माथ्यावर शिक्का असला, तरी मजकूर जेथे संपला तेथे दुसरी लहान मुद्रा उमटविण्याची वहिवाट होती. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे असतात ती हीच. पत्राची मर्यादा येथे संपली, याखाली कोणी अक्षर वाढवू नये, असा तिचा अर्थ. या अखेरच्या मुद्रेला मोर्तब म्हणत. एखादी गोष्ट कायम झाली म्हणजे आपण 'शिक्कामोर्तब झाले' असे जे म्हणतो, त्यात माथा आणि पायथा असे दोन्ही आलेले आहेत. मोबाइलवरच्या चौकटीला ठळक अक्षरांचा आणि मंत्रालयाच्या चित्राचा शिक्का असतो. मोर्तबाच्या जागी तीन टिंबे असतात.

संध्याकाळी मी तात्यासाहेबांकडे गेलो आणि संपूर्ण मथळा वाचून दाखविला. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "निर्णय न घेणे, हाही एक निर्णयच असतो."

"तात्या," मी म्हणालो, "तुम्हीच आम्हांला एक गोष्ट सांगत होता, पेढ्यांची."

ही गोष्ट तात्यासाहेबांच्या नोकरीतली. जमिनीच्या फेरफाराच्या अपिलात एक शेतकरी निकालाचे पहिलेच पान हाती घेऊन कचेरीत पेढे वाटीत आला होता, कारण त्या पानावर त्याचे म्हणणे सविस्तर, आणि त्याला वाटले तसे मोठ्या गौरवाने, नमूद केलेले होते. तात्यासाहेबांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. "पाटील, निकालाचे पहिले पान वादीचे, मधली वकिलांची, आणि शेवटचे सरकारचे. ते शेवटचे आणा," असे सांगून त्यांनी ते मागवून घेतले. त्यावर 'आदेश' या शब्दाखाली एकच ओळ होती : अपील अमान्य करण्यात येत आहे. तात्यासाहेबांनी पेढा परत पुड्यात ठेवला, आणि वरच्या अपिलाची मुदत किती दिवसांची आहे ते पाटलाला कागदावर लिहून दिले.

मी गोष्टीची नुसती आठवण दिली. पुढचे त्यांचे त्यांना आठवले असावे, कारण ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग त्यांनी शालूताईला फोन लावून विसाराची रक्कम आपण भरून देतो असे सांगितले. मुलीने ती घेतली नाही, ही गोष्ट निराळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'कुलवृत्तांत'वर नागपूरच्या काकूंनी एक चौकट पाठविली : 'आजपासून सर्व ज्येष्ठ नागरिकांना एसटी प्रवासात...'. बत्तीस माणसांनी श्वास रोखून धरला. सहा वाजून चाळीस मिनिटांनी तात्यासाहेबांचा शेरा आला : "शेवटचे पान जोडावे. तूर्त मत राखून ठेवण्यात येत आहे." मला धन्य वाटले. चौतीस वर्षांचा अव्वल कारकून आपल्या खुर्चीवर परत येऊन बसला होता.

सहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी दुसरा शेरा आला : "मत प्रतिकूल आहे, परंतु राखून ठेवले आहे."